रूममेट गेला, पासवर्डही बदलला, पण राउटर अजून त्याच्याच खात्यात आहे

प्रश्न: आम्ही चौघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. एक जण गेल्या महिन्यात सोडून गेला. वाय-फाय त्यानेच बसवलं होतं. भांडण वगैरे काही नाही, पण तो गेल्यावर आम्ही पासवर्ड बदलला. दोन दिवसांनी त्याचा सहज मेसेज आला, ‘पासवर्ड बदललात वाटतं?’ तो आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्याला कळलं कसं? परत बदलू का? आणि कोणी गेलं की दर वेळी टीव्ही, प्रिंटर सगळं पुन्हा जोडत बसायचं का?

उत्तर: लगेच परत बदलू नका, त्याने काही साधणार नाही. तो इतका लांब राहतो म्हटल्यावर तुमच्या वाय-फायचा सिग्नल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. नवा पासवर्ड त्याला माहीत असला काय नि नसला काय, तिथून तो वापरता येणार नाही. तरीही त्याला बदल दिसला. तुमच्यापैकी कोणी त्याला बोलता बोलता सांगितलं नसेल, तर एकच शक्यता उरते: तो वाय-फायमधून नाही, राउटरच्या सेटिंगमधून आत बघतोय.

बहुतेक असं झालं असणार. राउटर बसवताना त्याने राउटर कंपनीचं अ‍ॅप स्वतःच्या फोनवर घेतलं, स्वतःच्या ईमेलने खातं उघडलं आणि राउटर त्या खात्याला जोडला. हल्ली बरेच राउटर असेच सुरू करायला सांगतात, त्यामुळे यात त्याचा काही डाव असेल असं मला वाटत नाही. तो गेला तरी ते खातं त्याच्या फोनवर तसंच लॉग-इन राहिलं. असं अ‍ॅप जगात कुठूनही चालतं, कारण ते तुमच्या वाय-फायशी थेट बोलतच नाही. ते कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं आणि सर्व्हर तुमच्या राउटरशी. तुम्ही नवा पासवर्ड टाकलात, सगळ्यांचे फोन एकदा बाहेर पडून पुन्हा जोडले गेले, आणि अ‍ॅपने त्याला तशी सूचना दिली किंवा त्याने अ‍ॅप सहज उघडलं तेव्हा दिसलं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की चालू पासवर्ड जसाच्या तसा दिसतो. म्हणजे तुम्ही दहा वेळा बदललात तरी दहाही वेळा तो त्याच्या समोरच असेल.

भाड्याच्या घरातलं इंटरनेट म्हणजे तीन वेगवेगळे हक्क असतात, आणि लोक त्यातला एकच बदलून निर्धास्त होतात. पहिला वाय-फायचा पासवर्ड. तो फक्त जोडलं जाण्यापुरता असतो आणि दोन-चार भिंतींच्या आतच कामाचा. दुसरा राउटरच्या सेटिंगचा हक्क, म्हणजे राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड आणि ते अ‍ॅपचं खातं. हा ज्याच्याकडे, त्याला पहिला हक्क आपोआप मिळतो. तिसरा इंटरनेट कंपनीकडे कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचा. तो माणूस कनेक्शन बंद करू शकतो, दुसरीकडे हलवू शकतो आणि ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. कोणी घर सोडलं की हे बदलायचे ते उलट्या क्रमाने: आधी कनेक्शनचं नाव, मग राउटर, सगळ्यात शेवटी वाय-फायचा पासवर्ड. तुम्ही शेवटच्यापासून सुरुवात केलीत, म्हणून हा घोळ झाला.

सेटिंगचा हक्क असलेल्या माणसाला काय दिसतं हेही स्पष्ट सांगतो, कारण या बाबतीत लोक एकतर फार घाबरतात नाहीतर अजिबात काळजी करत नाहीत. घरात कोणकोणती उपकरणं जोडली आहेत, त्यांची नावं, कोण किती वाजता आलं, कुणी किती डेटा वापरला, हे त्याला दिसतं. काही राउटरमध्ये कोणत्या साइट उघडल्या त्यांची नावंही दिसतात. तुमचे मेसेज, बँकेचा पासवर्ड किंवा साइटच्या आतला मजकूर त्याला दिसत नाही, कारण तो साइट आणि तुमच्या फोनमध्येच कुलूपबंद झालेला असतो. पण कोण घरी आहे नि कोण नाही हे दुसऱ्या कोणाला रोज बसल्या जागी कळत राहणं, एवढंच कारण मला हक्क बदलायला पुरेसं वाटतं. शिवाय सेटिंगमध्ये शिरलेला माणूस डीएनएस बदलू शकतो, म्हणजे तुम्ही टाकलेला पत्ता कुठे न्यायचा हे सांगणारा सर्व्हर बदलू शकतो. तुमचा मित्र असं करणार नाही. पण त्याचा फोन हरवला किंवा त्या खात्याचा पासवर्ड कुठे फुटला, तर पुढचा माणूस तुमचा मित्र नसेल.

आधी त्यालाच फोन करा

भांडण नाही म्हणता, हे फार चांगलं आहे, कारण त्याच्या मदतीने हे काम काही मिनिटांत होतं आणि त्याच्याशिवाय अख्खी संध्याकाळ जाते. त्याला तीन गोष्टी विचारा.

राउटर कुणाचा? इंटरनेट कंपनीने दिलेला, त्याने स्वतः विकत घेतलेला, की घरमालकाचा? पुढचं बरंच काही या उत्तरावर ठरतं. राउटर त्याचा असेल तर तो त्याला परत करा किंवा रीतसर ठरवून ठेवून घ्या. दुसऱ्याच्या वस्तूवर रीसेट मारू नका. घरमालकाचा असेल तर सेटिंग बदलण्याआधी मालकाला विचारा, कारण कधीकधी तोच राउटर जिन्यातल्या कॅमेऱ्याला किंवा शेजारच्या खोलीलाही जोडलेला असतो.

दुसरं म्हणजे कनेक्शन कुणाच्या नावावर आहे. त्याच्या नावावर असेल तर नाव बदलून घेण्यात त्याचाही फायदा आहे, आणि हे त्याला याच शब्दांत सांगा. त्या कनेक्शनवरून कोणी काही भलतंसलतं केलं तर चौकशी आधी ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याकडे जाते, घर सोडून त्याला कितीही दिवस झालेले असोत. काही कंपन्या नाव बदलून देतात, काही जुनं बंद करून नवं घ्यायला लावतात. नाव बदलायला वेळ लागणार असेल तर निदान नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल तुमच्यापैकी एकाचा करून घ्या, म्हणजे बिलाची आठवण आणि ओटीपी घरात येईल.

तिसरं काम अ‍ॅपचं. त्याच्या अ‍ॅपमध्ये राउटरच्या पानावर मालकी दुसऱ्याला देण्याचा किंवा राउटर खात्यातून काढण्याचा पर्याय असतो, `Transfer`, `Remove`, `Unbind` अशा काहीतरी नावाने. त्याने तो वापरायचा. त्याने नुसतं अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं तर काही उपयोग नाही. खातं सर्व्हरवर तसंच राहतं आणि अ‍ॅप पुन्हा घेतलं की राउटर पुन्हा समोर. त्याने तुम्हाला ‘मॅनेजर’ म्हणून जोडून घेतलं तरी पुरत नाही, कारण मालक तोच राहतो. त्याच्या यादीतून राउटर नाहीसा झालाय असा स्क्रीनशॉट मागून घ्या. मैत्रीत असं मागणं अवघड वाटतं, पण काम नक्की झालं की नाही हे तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने दिसणार नाही.

तो हाती लागत नसेल तर रीसेट

मग राउटर फॅक्टरी रीसेट करावा लागेल. पण त्याआधी एक काम केल्याशिवाय रीसेटला हात लावू नका. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन `WAN` किंवा `Internet` या पानाचा फोटो काढा. तिथे कनेक्शनचा प्रकार `PPPoE` दिसला तर त्याचं एक युजरनेम आणि पासवर्ड असतो, आणि काही ठिकाणी `VLAN` चा एक आकडाही असतो. रीसेट झाला की हे सगळं पुसलं जातं आणि ते परत टाकेपर्यंत इंटरनेट येत नाही. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असतील तर रीसेटच्या आधीच इंटरनेट कंपनीला फोन करून तो मागून घ्या. कंपनी तो नावनोंदणी झालेल्या माणसालाच सांगते, म्हणूनच नावाचं काम मी पहिलं ठेवलं.

सेटिंगचं पान उघडायला राउटरचा पत्ता लागतो. बहुधा तो `192.168.0.1` किंवा `192.168.1.1` असतो. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका आणि `Default Gateway` पुढचा आकडा बघा:

```
ipconfig
```

तो आकडा ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी टाकला की लॉग-इनचं पान येतं. अ‍ॅडमिन पासवर्ड त्याने बदललेला असेल आणि तुमच्याकडे नसेल, तर हे पान बघता येणार नाही. मग तीच माहिती कंपनीकडूनच घ्यावी लागते.

एक सावधगिरी. फायबरची तार थेट ज्या डब्यात जाते आणि तोच डबा वाय-फायही देतो, तो कंपनीचा डबा असेल तर स्वतःहून रीसेट करू नका. त्यात कंपनीने घातलेली माहिती गेली तर कंपनीचा माणूस घरी येईपर्यंत इंटरनेट बंद राहू शकतं. कंपनीला सांगा, सेटिंगचा पासवर्ड ते त्यांच्याकडून बदलून देतात का विचारा. वेगळा राउटर असेल तर मात्र तो चालू ठेवून मागच्या बारीक भोकात पेपर क्लिप घालायची आणि साधारण १० सेकंद दाबून धरायची, दिवे एकदम विझून पुन्हा लागेपर्यंत. नुसतं दाबून सोडलं तर काही राउटर फक्त बंद होऊन पुन्हा सुरू होतात आणि जुनं सगळं तसंच राहतं. रीसेट खरंच झाला का, हे नेटवर्कच्या नावावरून कळतं: तळाच्या लेबलवर छापलेलं कंपनीचं मूळ नाव फोनमध्ये दिसायला हवं.

रीसेटने अ‍ॅपचं जुनं खातं तुटतंच असं नाही. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये तुटतं, काहींमध्ये जुन्या मालकानेच खात्यातून काढल्याशिवाय नव्या माणसाला राउटर जोडता येत नाही. तुमच्या अ‍ॅपने ‘हा राउटर आधीच दुसऱ्या खात्यात आहे’ असा निरोप दिला तर दुसऱ्या प्रकारचा राउटर आहे समजा. मग एकतर त्याला गाठा, नाहीतर राउटर कंपनीच्या मदत केंद्राला अनुक्रमांक आणि बिल दाखवा.

नव्याने लावताना

राउटर मोकळा झाला की पहिल्यांदा अ‍ॅडमिन पासवर्ड. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळाच असायला हवा. बरेच जण दोन्हीकडे एकच ठेवतात, आणि मग ज्या पाहुण्याला वाय-फाय दिलं त्याला राउटरही दिल्यासारखं होतं. अ‍ॅप वापरणार असाल तर खातं कुणा एकाच्या खासगी ईमेलवर न उघडता घराचा म्हणून एक स्वतंत्र ईमेल करा आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असू द्या. पुढच्या वेळी कोणी गेलं की त्या एका ईमेलचा पासवर्ड बदलायचा आणि ‘सगळीकडून लॉग-आउट’ करायचं. मालकी कुणा व्यक्तीकडे नसली की ती मागत फिरावी लागत नाही. मात्र त्या ईमेलला परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबरही तपासा. तो जाणाऱ्याचा असेल तर ईमेल अजून त्याचाच आहे.

मग `Remote Management` बंद आहे ना ते बघा, म्हणजे बाहेरून कोणाला ब्राउझरमधून सेटिंगचं पान उघडता येणार नाही. राउटरचं अपडेट आलेलं असेल तर तेही आत्ताच घ्या.

यानंतर `WPS` बंद करा. याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण रूममेटच्या बाबतीत हीच गोष्ट हमखास राहून जाते. पासवर्ड न टाकता उपकरण जोडता यावं म्हणून ही सोय आहे. तिचा एक मार्ग बटणाचा आणि दुसरा ८ आकडी पिनचा. हा पिन बऱ्याच राउटरच्या तळाच्या लेबलवरच छापलेला असतो. तुम्ही वाय-फायचा पासवर्ड बदललात तरी लेबलवरचा पिन बदलत नाही. तो ज्याच्याकडे आहे त्याला राउटर नवा पासवर्ड स्वतःहून देतो. राउटर बसवणाऱ्याच्या फोनमध्ये त्या लेबलचा फोटो बहुधा असतोच. शिवाय या पिनची रचनाच कच्ची आहे, हे २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं. ८ आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर उरलेले सात आकडे एकदम न तपासता आधी चार बरोबर का ते सांगतो आणि मग तीन. त्यामुळे एक कोटी शक्यतांऐवजी १०,००० अधिक १,०००, म्हणजे ११,००० च शक्यता उरतात. नंतरच्या राउटरमध्ये चुकीच्या पिननंतर थांबवण्याची सोय आली, पण तुम्हाला ही सोय मुळात लागतच नाही. ती बंद करा आणि विसरून जा.

सुरक्षेच्या प्रकारात `WPA2/WPA3` असा मिश्र पर्याय असेल तर तो घ्या. फक्त `WPA3` ठेवलं तर जुना प्रिंटर किंवा टीव्ही जोडलाच जाणार नाही, आणि तुम्ही तासभर पासवर्ड चुकतोय का तेच बघत बसाल.

आता पासवर्ड. तो ८ ते ६३ अक्षरांचा लागतो आणि इंग्रजी कळफलकावरची अक्षरं, आकडे, चिन्हं यांचाच. फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा पासवर्ड म्हणजे कुणाचा तरी मोबाइल नंबर, आणि तोच सगळ्यात वाईट. शेजारून कोणी तुमच्या फोनची राउटरशी होणारी पहिली ओळखदेख हवेतून पकडून ठेवली, तर नंतर तो घरी बसून शांतपणे अंदाज करत राहू शकतो. एका चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला दहा लाख अंदाज सहज होतात. ८ आकड्यांच्या सगळ्या शक्यता १० कोटी, म्हणजे दोन मिनिटांच्या आत संपल्या. १० आकड्यांच्या सगळ्या शक्यता १,००० कोटी, तेही तीन तासांच्या आत. अवघड चिन्हं घालण्यापेक्षा लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही: `hirvajinatopisakaldagad` या धर्तीवर, अर्थात हाच नव्हे. टीव्हीच्या रिमोटवरून एकेक अक्षर निवडताना लहान-मोठी अक्षरं आणि चिन्हं किती छळतात हे एकदा केलेल्याला सांगायला नको. मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, कोणी `sakal` लिहितो कोणी `sakaal`, म्हणून तो तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या.

एवढा बदल करण्यापेक्षा त्याचा फोन ‘ब्लॉक’ करून टाकावा असं वाटेल. नका करू. राउटर उपकरणाला ओळखतो तो त्याच्या मॅक पत्त्याने, आणि अँड्रॉइड १० पासूनचे फोन तसंच आयओएस १४ पासूनचे आयफोन प्रत्येक नेटवर्कसाठी आपणच एक बनावट पत्ता तयार करतात. नेटवर्क विसरून किंवा ती सेटिंग बदलून पुन्हा जोडलं की पत्ता बदलू शकतो. शिवाय पासवर्ड एका फोनपुरता कधीच नसतो. त्या फोनवर क्यूआर कोड दाखवून तो दुसऱ्याला देता येतो, सेटिंगमध्ये वाचता येतो, त्याच्या लॅपटॉपवर आपोआप गेलेला असू शकतो. म्हणून जाणारा कितीही भला असला तरी पासवर्ड बदलायचाच, कारण तो त्याच्याकडून कुठे कुठे गेला हे त्यालाही आठवत नसतं.

टीव्ही आणि प्रिंटरचं काय

दर वेळी पुन्हा जोडणं टळू शकतं, फक्त एकदा मांडणी नीट करावी लागते. कोणती वस्तू कशाला जोडायची हे ती वस्तू काय करते त्यावर ठरवा.

जी वस्तू जागची हलत नाही आणि जिला नेटवर्कच्या तारेची खाच आहे, तिला तारेनेच राउटरला जोडा. टीव्हीला बहुधा ती असते, प्रिंटरला असेलच असं नाही. तारेने जोडलेल्या वस्तूला वाय-फायचा पासवर्ड माहीतच नसतो, त्यामुळे तुम्ही तो कितीदाही बदला, टीव्ही चालूच राहतो. आणि तो मुख्य नेटवर्कवरच असल्याने फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकणंही पूर्वीसारखं चालतं.

स्मार्ट प्लग, बल्ब असल्या वस्तूंना खाच नसते, आणि त्यांना पुन्हा जोडणं सगळ्यात कटकटीचं: प्रत्येक वस्तू रीसेट करा, अ‍ॅपमध्ये पुन्हा घाला. यांच्यासाठी राउटरचं `Guest` नेटवर्क सुरू करा, त्याला वेगळा पासवर्ड द्या आणि तो फक्त वस्तूंसाठी ठेवा. माणसांना तो कधीच सांगायचा नाही, पाहुण्यांनाही नाही. कोणी गेलं की माणसांच्या नेटवर्कचा पासवर्ड बदलेल, वस्तूंना पत्ताही लागणार नाही. या वस्तू बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे ते नेटवर्क त्याच बँडवर ठेवा. आणि जोडताना त्या वस्तू ज्याने अ‍ॅपमध्ये घातल्या त्याचं खातं बघा. प्लग जाणाऱ्याच्या खात्यात असेल तर तो दुरून दिवा लावू-विझवू शकेल, राउटरची अख्खी कथा तिथे पुन्हा.

या मांडणीला एक मर्यादा आहे. गेस्ट नेटवर्कवरच्या वस्तू मुख्य नेटवर्कवरच्या फोनला दिसत नाहीत, मुद्दामच तसं केलेलं असतं. प्लगला फरक पडत नाही, कारण त्याचं अ‍ॅप इंटरनेटमार्गे बोलतं. प्रिंटरला मात्र पडतो: तो गेस्टवर गेला की लॅपटॉपला सापडणार नाही. काही राउटरमध्ये गेस्टला घरच्या नेटवर्कशी बोलू देण्याचा पर्याय असतो, पण तो चालू केला की आडोसा गेला. म्हणून खाच नसलेला प्रिंटर मी माणसांच्या नेटवर्कवरच ठेवतो आणि कोणी गेलं की त्याच्या पॅनेलवर पासवर्ड पुन्हा टाकायची तयारी ठेवतो. एका वस्तूपुरतं ते सोसतं.

नेटवर्कचं नाव तेच ठेवावं की बदलावं, असा प्रश्न यानंतर येतो. नाव तेच ठेवून पासवर्ड बदलला तर फोन नवा पासवर्ड विचारतात, पण काही जुनी उपकरणं न सांगता गप्प बसतात आणि ‘इंटरनेट गेलं’ असं वाटतं. अशा उपकरणावर आधी ‘नेटवर्क विसरा’ करा, मग जोडा. तुम्ही रीसेट करणारच असाल तर नावही बदला, म्हणजे जुन्या आठवणीवर कोणतंच उपकरण चालणार नाही आणि काय जोडायचं राहिलंय ते सरळ दिसेल.

झालं का, ते तपासा

सगळ्यांचे फोन जोडून झाल्यावर राउटरच्या जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा आणि चौघं-तिघं जे असाल ते तिथेच उभे राहून एकेक नाव ओळखा. ओळखू न आलेलं नाव कुणाचं हे शोधण्याची युक्ती साधी आहे: एकाने आपल्या फोनचं वाय-फाय बंद करायचं, यादी पुन्हा उघडायची, काय गेलं ते बघायचं. यादीत फिके दिसणारे किंवा ‘ऑफलाइन’ लिहिलेले हे जुन्या आठवणीतले असतात, त्यांना घाबरू नका.

मग उलटी तपासणी. एका फोनवर नेटवर्क विसरा आणि मुद्दाम जुना पासवर्ड टाका. नाव तेच ठेवलं असेल तर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या दोन्ही नावांवर, गेस्ट आधीपासून असेल तर त्यावरही करा. काही राउटरमध्ये या तिन्हींचे पासवर्ड वेगवेगळ्या पानांवर असतात आणि एक बदलला तरी दुसरा जुनाच राहतो.

आणि ही तपासणी घरात चालत चालत करा, प्रत्येक खोलीत. मी बघितलेल्या एका फ्लॅटमध्ये सगळं रीतसर बदललं होतं, तरी आतल्या खोलीत एकीचा फोन नवा पासवर्ड न मागताच जोडला गेला. ती खूश होती, मला मात्र तिथेच शंका आली: नाव तेच आणि पासवर्ड मागितला नाही, म्हणजे त्या नावाचं दुसरं काहीतरी जुन्या पासवर्डवर चालू आहे. मुख्य राउटरच्या मागे चार तारांपैकी एक कुठे जाते तेच कुणाला माहीत नव्हतं. ती भिंतीच्या कडेने आतल्या खोलीत, कपाटामागे गेली होती, आणि तिथे एक जुना राउटर होता. आधीच्या रूममेटने आतल्या खोलीत सिग्नल येत नाही म्हणून तो लावला होता, मुख्य राउटरचं नाव आणि पासवर्ड देऊन. तो तारेने जोडलेला असल्याने मुख्य राउटरचा वाय-फाय पासवर्ड बदलल्याचा त्याच्यावर काहीच परिणाम झाला नव्हता. साधा बिनतारी एक्स्टेंडर असता तर पासवर्ड बदलताच त्याचा मुख्य राउटरशी संबंध तुटला असता आणि त्यावरचं इंटरनेट गेलं असतं, म्हणजे निदान कळलं तरी असतं. तारेवरचा मात्र बिनबोभाट चालत राहतो. त्या जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथेही अ‍ॅडमिन पासवर्ड, `WPS` आणि वाय-फायचा पासवर्ड, हे तिन्ही पुन्हा करावं लागलं.

तुमच्याही राउटरच्या मागच्या तारा मोजा. एक इंटरनेट आत आणणारी, बाकीची प्रत्येक तार हाताने पकडून दुसऱ्या टोकापर्यंत जा.